चवथीचा शुभेच्छा-व्हिडिओ: आधी फोटो, मग आरती, टेम्प्लेट शेवटी

प्रश्न: आमचं मूळ घर पेडण्यात. घरच्या ग्रुपवर चाळीसेक माणसं आहेत, काही मुंबई-पुण्याला, काही मस्कतला. चवथीला फोटो, आरती आणि तयार टेम्प्लेट घालून शुभेच्छांचा व्हिडिओ करायचा आहे. गेल्या वर्षी केला तेव्हा फोटोतले चेहरे कापले गेले, मराठी अक्षरं फुटली आणि ग्रुपवर टाकल्यावर सगळं धूसर दिसलं. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. कसं करू?

उत्तर: तुम्ही सांगितलेल्या तीनपैकी दोन तक्रारी एकाच गोष्टीतून येतात: टेम्प्लेट आधी निवडलं आणि फोटो त्यात बसवले. टेम्प्लेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेल्या चौकटी असतात. फोटो किती, त्यांचा आकार कोणता, प्रत्येक फोटो किती सेकंद दिसणार, हे सगळं त्यात ठरलेलं असतं. बहुतेक टेम्प्लेटं एका माणसाच्या उभ्या फोटोसाठी आणि भरभर बदलणाऱ्या दृश्यांसाठी बनवलेली असतात. चवथीचे आपले फोटो मात्र आडवे आणि माणसांनी भरलेले असतात. वर फळापानांनी सजवलेली माटोळी, मध्ये गणपती, खाली पोरंटोरं. म्हणून क्रम उलटा करा. फोटो आधी निवडा, मग आरतीचा तुकडा पक्का करा, आणि टेम्प्लेटमधलं जे उपयोगी पडेल तेवढंच शेवटी घ्या. कॅनव्हा, इनशॉट किंवा फोटो-व्हिडिओ जोडणारं कुठलंही साधं अॅप यासाठी पुरतं.

पहिलं काम फोटो मागवण्याचं, आणि धूसरपणाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. तो पुढे कोणी फॉरवर्ड केला, त्याचा स्क्रीनशॉट काढला, की आणखी खराब होतो. म्हणून मस्कतच्या आणि मुंबईच्या मंडळींना सांगा की फोटो गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. तसा पाठवला की फाइल मूळ आकारातच येते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्याकडून एचडी पर्याय दाबून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोनवरून समजावण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसलेल्या नातवाला सांगणं सोपं पडतं.

पंचेचाळीस सेकंदांच्या व्हिडिओला सात फोटो पुरे. चाळीस माणसांच्या घरात सातच फोटो म्हटल्यावर वाद होणार, म्हणून निवडीचा नियम आधी ठरवा. मी घराच्या शाखांप्रमाणे निवडते. मोठ्या काकांचं कुटुंब, मधल्यांचं, आत्याकडचे, परगावचे, असा प्रत्येक शाखेचा किमान एक चेहरा ओळखता येईल इतका मोठा दिसला पाहिजे. ग्रुपवर प्रत्येकजण आधी आपलं माणूस शोधतो, हे गृहीत धरून चाला. क्रम सणाच्या ओघातला ठेवा: माटोळी बांधताना, मखरातला गणपती, नेवऱ्या करणाऱ्या बायका, आरती, फुगडी, परगावच्यांचा फोटो आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र. असा क्रम असला की मधे मजकुराची गरजच पडत नाही.

एक गोष्ट घरात विचारून घ्या. यंदा कुठल्या शाखेत सुतक असेल तर त्या घराला रोषणाईचा व्हिडिओ पाठवणं बरं दिसत नाही. गेलेल्या माणसाचा जुना फोटो घालायचा असेल तर त्यावर उडणारी फुलं, चमक, उड्या मारणारी अक्षरं काही नको. नुसता फोटो शांत ठेवा, नाव हवं असेल तर खाली लिहा. लहान मुलांचे फोटो वापरताना त्यांच्या आईवडिलांना आधी विचारा, कारण ग्रुपवरचा व्हिडिओ ग्रुपपुरता राहत नाही.

चवथीचे फोटो पावसाळी अंधारात, समयांच्या आणि रंगीत दिव्यांच्या उजेडात काढलेले असतात. मखर लखलखतं आणि पुढे बसलेल्या माणसांचे चेहरे काळवंडतात. अशा वेळी पूर्ण फोटोचा उजेड वाढवला तर मखर पांढरं पडतं आणि चेहरे तरीही धड दिसत नाहीत. फोनच्या फोटो-संपादनात गडद भाग उजळणारी एक वेगळी पट्टी असते, बहुधा ‘शॅडोज’ नावाची. तीच वाढवा, आणि मखर फार भगभगीत असेल तर ‘हायलाइट्स’ थोडे कमी करा. जुन्या अल्बममधला फोटो घेताना तो प्लास्टिकच्या खाली ठेवून टिपू नका. बाहेर काढा, खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि फोन फोटोला अगदी समांतर धरा.

आता चेहरे का कापले गेले ते पाहू. फोनच्या आडव्या फोटोची रुंदी आणि उंची साधारण 4:3 असते. बहुतेक टेम्प्लेटं उभी, 9:16 ची. आडवा फोटो त्या उभ्या चौकटीत पूर्ण भरला की फोटोच्या रुंदीचा फक्त 42 टक्के भाग दिसतो. म्हणजे एका रांगेत दहा माणसं बसली असतील तर चार उरतात. त्यातच फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला 1600 बाय 1200 चा असेल, तर उरलेला तुकडा जेमतेम 675 पिक्सेल रुंद असतो आणि अॅप तो 1080 पर्यंत ताणतं. कापलेले चेहरे आणि धूसरपणा दोन्ही एकाच ठिकाणी तयार होतात.

यावर माझा उपाय म्हणजे चौकटच बदलणं. सातपैकी तीन किंवा अधिक फोटो आडवे असतील तर व्हिडिओ 9:16 ऐवजी 4:5 ठेवा, म्हणजे 1080 बाय 1350. त्यात त्याच आडव्या फोटोचा 60 टक्के भाग दिसतो, आणि 1600 बाय 1200 च्या फोटोतून 960 पिक्सेल रुंदीचा तुकडा मिळतो. तो 1080 वर नेताना फारसा बिघडत नाही. फोनवर उघडल्यावर वर-खाली थोडी काळी पट्टी राहील, पण त्याने कोणाचं काही अडत नाही. व्हिडिओ कोणी स्टेटसला लावला तरी माणसं पूर्ण दिसतात. उभ्या चौकटीचाच आग्रह असेल तर मजकूर वरच्या आणि खालच्या आठव्या भागापासून लांब ठेवा, कारण स्टेटसमध्ये तिथे नाव आणि उत्तर देण्याची जागा येते.

तरीही जो फोटो 60 टक्क्यांत मावत नाही, तो कापूच नका. माटोळीखाली चौदा-पंधरा माणसं ओळीने बसलेला शेवटचा फोटो असतो ना, त्याचं उदाहरण घेऊ. तो पूर्ण रुंदीत ठेवला की 4:5 च्या चौकटीत वर-खाली मोकळी जागा उरते. तिथे त्याच फोटोची धूसर, मोठी केलेली प्रत मागे ठेवा. बहुतेक अॅपमध्ये पार्श्वभूमी धूसर करण्याचा पर्याय तयार मिळतो. दुसरा मार्ग म्हणजे फोटो चौकटीत भरून डावीकडून उजवीकडे हळू सरकवणं. मला दुसरा जास्त आवडतो, कारण पाहणारा एकेक चेहरा ओळखत जातो. पण त्याला पूर्ण पाच सेकंद द्या. दोन सेकंदांत सरकवलं तर कोणीच दिसत नाही आणि वयस्क माणसांना गरगरतं.

पाच सेकंदांचा आकडा मी सहज म्हणून घेतलेला नाही, तो आरतीतून येतो. म्हणून संगीत आधी पक्कं करायचं.

विकतची किंवा इंटरनेटवरून उतरवलेली आरती घेण्यापेक्षा आपल्याच घरातली घ्या. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ समर्थ रामदासांची. शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत, पण एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण मात्र त्या कंपनीचं असतं. घरच्या ग्रुपवर त्याने काही बिघडत नाही, पण कोणी उत्साहाने तोच व्हिडिओ यूट्यूबवर किंवा फेसबुकवर चढवला की आवाज बंद होऊ शकतो. अॅपच्या आत मिळणारी गाणीही बऱ्याचदा त्या अॅपपुरतीच वापरायची परवानगी असते. त्याहून मोठं कारण असं की मस्कतला बसलेल्या माणसाला आपल्या घरातलं घुमट, शामेळ आणि कांसाळं ऐकायचं असतं, आणि आत्याचा आवाज ओळखायचा असतो. 2019 साली घुमटाला गोव्याचं वारसा-वाद्य म्हणून मान मिळाला. ते वाद्य घरात असताना तयार बासरीची धून लावायचं कारण नाही.

चवथीच्या आधी घरात घुमट उतरवून हात बसवायला सुरुवात होतेच, तेव्हाच रेकॉर्ड करून घ्या. फोन वाजवणाऱ्यांपासून सुमारे तीन मीटर लांब ठेवा, आणि तो गाणाऱ्यांच्या बाजूला हवा. खाली टॉवेलची घडी घाला, म्हणजे टेबलाचा कंप आवाजात येणार नाही. कांसाळं आणि घुमट जवळ असले की फोनचा माइक फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याच अॅपने सांधता येत नाही. तिथल्या तिथे इयरफोन लावून सर्वांत जोरकस भाग ऐका. थाप पडल्यावर खरखर ऐकू आली तर फोन आणखी मागे घ्या आणि पुन्हा वाजवा. पंखा बंद करायला विसरू नका. बाहेर पाऊस पडत असेल तर त्याचा आवाज राहू द्या. चवथीचाच आवाज आहे तो.

आता लय मोजा. रेकॉर्डिंगचा स्थिर चालणारा भाग निवडा. घुमट आरती शेवटाकडे चढत जाते, तो भाग या कामाला घेऊ नका. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते टाळीवर मोजा आणि चारने गुणा. समजा चोवीस पडले, तर मिनिटाला 96. आठ मात्रांचं आवर्तन घेतलं तर त्याला बरोबर पाच सेकंद लागतात. तेच एका फोटोचं माप. एक आवर्तन नावाच्या पाटीला, सात आवर्तनं सात फोटोंना, एक आवर्तन शेवटच्या शुभेच्छेला, अशी नऊ आवर्तनं आणि पंचेचाळीस सेकंद होतात. फोटो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर बदलला की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण व्हिडिओ नीट बांधलेला वाटतो. फुगडीच्या जागी एका आवर्तनात दोन फोटो घाला, प्रत्येकी अडीच सेकंद. तिथे वेग शोभतो, आणि एक फोटो जास्तीचा बसतो. तुमच्या आरतीची लय 80 निघाली तर एक आवर्तन सहा सेकंदांचं होईल. मग फोटो एखादा कमी करा, लय ताणू नका.

माणसांनी वाजवलेली लय यंत्रासारखी चालत नाही, थोडी पुढेमागे होते. म्हणून सगळीकडे डोळे मिटून पाच-पाच सेकंद भरू नका. पहिले फोटो मापाने लावा, मग साधारण पंचविसाव्या सेकंदाला थांबून ऐका. तिथे फोटो समेच्या आधी किंवा नंतर बदलत असेल तर त्या फोटोची लांबी पाव-अर्धा सेकंद कमीजास्त करा. शेवटच्या दोन सेकंदांत आवाज हळूहळू उतरवा, नाहीतर आरती मध्येच तुटल्यासारखी वाटते. ओळ अर्धवट तुटत असेल तर तुकडाच बदला.

हे सगळं जमल्यावर टेम्प्लेट उघडा. त्यातल्या दोनच गोष्टी घ्या, सुरुवातीची पाटी आणि शेवटची पाटी. रंग आणि वेलबुट्टी तिथून मिळते. मधल्या चौकटी काढून टाका आणि आपले फोटो मापाप्रमाणे ठेवा. फोटोंना हालचाल हवी तर पाच सेकंदांत 100 टक्क्यांवरून 108 पर्यंत संथ मोठं करा. यापेक्षा जास्त नको. जवळ जाण्याचा बिंदू चेहऱ्यांवर ठेवा, नाहीतर अॅप फोटोच्या मधोमध जातं आणि तिथे बऱ्याचदा रिकामी भिंत असते. एका फोटोतून दुसऱ्यात जाताना एकच पद्धत ठेवा. हळूच विरघळणं, अर्धा सेकंदभर, एवढं पुरतं. टेम्प्लेटमधली पान उलटणारी, गिरक्या घेणारी, तुकडे होणारी बदलांची तऱ्हा प्रत्येक फोटोला वेगळी असली की नजर फोटोवर राहतच नाही.

संपूर्ण व्हिडिओवर पडत राहणाऱ्या पाकळ्या, चमचम आणि धूर मी मुद्दाम काढून टाकते, आणि त्याचं कारण धूसरपणाशी जोडलेलं आहे. व्हॉट्सअॅप व्हिडिओ पाठवताना दाबून लहान करतं. दाबताना दोन लागोपाठच्या चित्रांत जेवढं सारखं असेल तेवढं पुन्हा साठवावं लागत नाही, बदललेलं तेवढंच साठवलं जातं. फोटो स्थिर असला की थोड्या जागेत चेहरा स्वच्छ राहतो. पडद्यावर शंभर पाकळ्या पडत असतील तर प्रत्येक क्षणी सगळीकडे बदल होतो, आणि मिळालेली जागा पाकळ्यांवर खर्च होते. चेहऱ्यांना उरतं ते चौकोनी ठिपक्यांचं रूप. तुमचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ उघडून पाहा. पाकळ्या पडत असताना गाल आणि साडीचे काठ ठोकळेदार दिसत असतील आणि साध्या पाटीवर अक्षरं स्वच्छ असतील, तर दोष पाकळ्यांचाच. फुलं हवीच असतील तर पहिल्या पाटीवर घाला.

मराठी अक्षरं फुटण्याची कारणं दोन असतात. एक म्हणजे फॉन्ट देवनागरीचा नसणं, किंवा अॅपला जोडाक्षरं नीट मांडता न येणं. तपासायला एकच ओळ टाइप करा: ‘चतुर्थीच्या हार्दिक शुभेच्छा’. हिच्यात रफार आहे, पहिली वेलांटी आहे, च्या आणि च्छ आहेत. ‘हार्दिक’मधला रफार सुटून पाय मोडलेला र दिसला, किंवा वेलांटी द च्या पुढे गेली, तर त्या अॅपमध्ये तो फॉन्ट वापरू नका. कॅनव्हात Mukta, Baloo 2 किंवा Tiro Devanagari Marathi शोधून पाहा. मोठ्या पाटीला बालू ठसठशीत दिसतो, खालच्या नावांना मुक्ता.

दुसरं कारण अॅनिमेशनचं, आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एकेक अक्षर टाइप होत येणारं अॅनिमेशन इंग्रजीच्या हिशेबाने बनवलेलं असतं. ते आपल्या ओळीतले काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं सुटी करतं आणि एकेक पुढे ढकलतं. कधी शेवटी शब्द जुळतो, पण मधला सेकंदभर विचित्र दिसतो. कधी जुळतच नाही. म्हणून मजकुराचं अॅनिमेशन अख्ख्या ओळीचं किंवा शब्दाशब्दाचं घ्या: हळूच उमटणारं, खालून वर येणारं. अॅपने काहीच जुमानलं नाही तर ती ओळ कॅनव्हात नीट लिहून चित्र म्हणून उतरवा आणि ते चित्र व्हिडिओवर ठेवा. चित्रातली अक्षरं फुटत नाहीत.

मजकूर कमी ठेवा. पहिल्या पाटीवर घराचं नाव आणि वर्ष, शेवटी शुभेच्छा आणि ‘पेडण्याच्या घरातून’ असं काहीतरी. स्वतः मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ ती ओळ पडद्यावर राहिली पाहिजे. फोटोंवर लिहायचंच असेल तर चेहऱ्यांवर किंवा गणपतीवर अक्षरं येऊ देऊ नका, आणि पांढऱ्या अक्षरांमागे हलकी गडद पट्टी द्या. मखराच्या लखलखाटात पांढरं अक्षर दिसत नाही.

पहिल्या चित्राकडे विशेष लक्ष द्या. ग्रुपमध्ये व्हिडिओ उघडण्याआधी जे लहान चित्र दिसतं ते बहुधा व्हिडिओच्या अगदी सुरुवातीचं असतं. पुष्कळ टेम्प्लेटं काळ्या पडद्यातून हळूहळू उजळत सुरू होतात, त्यामुळे ग्रुपवर काळा चौकोन दिसतो आणि चवथीच्या सकाळी येणाऱ्या शेकडो निरोपांत तो कोणी उघडत नाही. म्हणून सुरुवातीचं उजळणं काढा. पहिल्याच क्षणी पाटी पूर्ण उमटलेली असू द्या, आणि तीत गणपतीचा किंवा माटोळीचा फोटो ठेवा.

व्हिडिओ बाहेर काढताना 720 चा पर्याय निवडा, तीसच्या फ्रेम-गतीने. पंचेचाळीस सेकंदांना साधारण चौदा-पंधरा एमबीची फाइल झाली की ठीक. 1080 वर काढून पन्नास-साठ एमबीची फाइल दिली तरी व्हॉट्सअॅप ती दाबणारच, आणि दोनदा दाबलेल्यापेक्षा आधीच बेताची असलेली फाइल बऱ्याचदा स्वच्छ दिसते. मग ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःलाच पाठवा. गॅलरीतला व्हिडिओ पाहून समाधान मानू नका, चॅटमध्ये पोचलेला पाहा. तीन ठिकाणी थांबा: शेवटच्या ग्रुप-फोटोत कडेचा चेहरा ओळखता येतो का, ‘हार्दिक’ शाबूत आहे का, आणि फोनच्या स्पीकरवर आरतीचे शब्द घुमटाखाली दबतात का. शब्द दबत असतील तर आवाज वाढवून उपयोग नाही, रेकॉर्डिंगचा दुसरा तुकडा घ्या.

ग्रुपवर व्हिडिओ एचडी पर्यायाने टाका. मूळ फाइल हवी म्हणणाऱ्यांना वेगळी, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सगळ्यांवर तिचा भार नको, कारण सणाला गावी आलेल्यांच्या फोनला आतल्या भागात रेंज जेमतेम असते. वेळ म्हणाल तर तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या रात्री पाठवा. चवथीच्या सकाळी घरातले सगळे पूजेत आणि स्वयंपाकात असतात, आणि मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्याने तिथली मंडळी तोवर उठलेलीही नसतात. अॅपमधला प्रकल्प पुसू नका, आरतीचं पूर्ण रेकॉर्डिंगही फोनबाहेर कुठेतरी ठेवा. पुढच्या वर्षी लय तीच राहील, तेव्हा सात फोटो आणि वर्षाचा आकडा बदलला की काम अर्ध्या तासात होतं.